पाठ झालेला तक्ता

शिवणवाली ताई बोलायला कधी कुणाला घाबरली नव्हती. मशीनवर बसली की पायाबरोबर तिचं तोंडही चालायचं. ब्लाऊज न्यायला आलेली बाई तासाभराने सगळ्या बातम्या घेऊन घरी जायची आणि ब्लाऊज तिथेच विसरायची. पण शाळेच्या व्हरांड्यात नेत्रतपासणी शिबिराचा माइक हाती आला तेव्हा याच ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

बोलणं भाग होतं. यादीत चौसष्ट मुलं होती आणि अकरा वाजेपर्यंत तपासून झाली होती जेमतेम नऊ. बाकीच्यांचे आईबाप मुलांचा हात धरून आवारात निवांत उभे होते. आमच्या पोराला काय धाड भरलीय, असा एकूण सूर. डोळे तपासायला आलेल्या मॅडम शेवटी म्हणाल्या, "ताई, तुम्ही स्वयंसेविका, शिवाय यांच्या ओळखीच्या. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

ताईने पदर खोचला आणि घसा साफ केला.

"हे बघा, मला भाषण येत नाही. कपडा बेतताना मी आधी माप घेते, नुसतं बघून कापत नाही. मग पोरांच्या डोळ्यांचं माप नुसतं बघून कसं समजेल? मूल पळतं, खेळतं, म्हणून त्याला नीट दिसतं असं समजू नका. जवळ धरून वाचत असेल, डोळे बारीक करत असेल, तर आणाच. काही करत नसेल तरी आणा. औषध नाही, सुई नाही. सहा मीटरवरचा तक्ता वाचायचा, एकेक डोळा झाकून. पाच मिनिटांचं काम."

"माझ्या पोराला उडत्या पाखराची चोच दिसते," गवंडीभाऊ मागून ओरडला. दोन-चार जण हसले. "तुमच्या टिकलीची केली का तपासणी?"

"केली तर! घरीच केली. टिकले, ये गं इकडे. दाखव यांना."

टिकली म्हणजे ताईची सात वर्षांची लेक. अंगाने टिकलीएवढी, पण आईचं सगळं तोंड घेतलेली. आईने सुईसमोर डोळे ताणले की ही झटकन दोरा ओवून द्यायची, आणि ताई ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात ताईला सरावासाठी एक तक्ता मिळाला होता. त्यावर इंग्रजी ईसारख्या खुणा होत्या, कुठे उजवीकडे तोंड केलेल्या, कुठे वर, कुठे खाली. पोरं त्यांना कंगवे म्हणत. कंगव्याचे दात कुठे आहेत ते बोटाने दाखवायचं. सराव झाला की तक्ता गुंडाळून ठेवा, असं मॅडमनी बजावलं होतं. पण घडी आणि चुणी यांचा ताईला जन्माचा राग. तिने तो मशीनसमोरच्या भिंतीवर टांगला आणि आठ दिवस तिथेच राहू दिला. लेक रोज त्याच्यासमोर बसून अभ्यास करत होती.

व्हरांड्यात खडूच्या रेघेवर टिकली उभी राहिली. ताईने नियमाप्रमाणे तिचा डावा डोळा तळहाताने झाकला, बोटांच्या फटीतून डोकावायला जागा ठेवली नाही. टिकलीने सगळे कंगवे बरोबर दाखवले. मग उजवा झाकला. टिकलीने आणखी भरभर दाखवले. उजवीकडे, वर, खाली, डावीकडे, वर! टाळ्या पडल्या. ताईने गवंडीभाऊकडे असं पाहिलं की त्याला मान खाली घालावी लागली.

मॅडमनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरा तक्ता काढून पहिल्याच्या जागी अडकवला. आकार तोच, कंगव्यांचा क्रम वेगळा. "पुन्हा एकदा, बाळा. उजवा झाकलेलाच राहू दे."

मॅडमची काडी पहिल्या कंगव्यावर गेली. त्याचे दात खाली होते.

"उजवीकडे," टिकलीने बोट दाखवलं. मग वर, खाली, डावीकडे, वर. पाचही खणखणीत आवाजात, आणि पाचही चूक.

आवारात हशा पिकला. ताईही हसली. "अगं नीट बघ की, ढमे!"

टिकलीने मान वाकडी केली, पुढे झुकली, आणि पुन्हा तेच सांगितलं. या वेळी आवाज बारीक झाला होता. हसणं आपोआप थांबलं. मॅडमनी हात बदलायला सांगितलं. डावा झाकताच टिकलीने नवा तक्ताही घडाघडा वाचला.

मॅडमनी ताईला बाजूला घेतलं.

"एका डोळ्याला बहुतेक मोठा नंबर असावा. दुसरा चांगला आहे, म्हणून काम भागतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मेंदू हळूहळू कमजोर डोळ्याकडे लक्षच देईनासा होतो. नक्की काय ते दवाखान्यात थेंब घालून तपासल्यावर कळेल. चष्मा लागेल, कदाचित चांगला डोळा रोज थोडा वेळ झाकून ठेवावा लागेल. सात वर्षं म्हणजे उशीर नाही. पण आणखी थांबायचं नाही."

टिकली रडकुंडीला आली होती. "आई, पाठ तर बरोबर होतं गं!"

ताई गुडघ्यांवर बसली. "टिकले, खरं सांग. या डाव्या डोळ्याने कंगवे दिसतच नव्हते?"

"नव्हते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

टिकली गोंधळली. "त्यात काय सांगायचं? सगळ्यांचं तसंच असतं ना? एक डोळा बघायचा असतो, आणि एक नुसता असतो."

ताईला एकदम रडू फुटलं. तिने लेकीला छातीशी धरलं, तिच्या दोन्ही पापण्यांवर ओठ टेकले, आणि डोळे न पुसताच उठून माइक हातात घेतला.

"मघाशी मी शहाणपणा शिकवला. आता चूक सांगते. इथे आधी लावलेला होता तसाच तक्ता मी घरी भिंतीवर लटकवून ठेवला आणि पोरीने तो पाठ केला. मला वाटलं, माझ्या लेकीला सगळं दिसतं. सात वर्षं मी हिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, हिच्या डोळ्यांत बघून हजार वेळा रागावले, आणि मला पत्ता नाही. तिलाही नाही. तिला वाटतं, सगळ्यांचा एक डोळा नुसताच असतो. मूल तक्रार करणार नाही हो. त्याने दुसरं काही पाहिलेलंच नसतं. घरी बघून कळत नाही. मला कळलं नाही, तुम्हालाही कळणार नाही. आणा पोरांना."

गवंडीभाऊने तिथल्या तिथे आपल्या पोराच्या डोळ्यावर हात दाबला. ते बघून आणखी चार बापांनी तेच केलं, आणि आवारात एकच गोंधळ उडाला. "अहो, तिथे नको!" ताई माइकवरूनच ओरडली. "पोरांचे डोळे फोडाल! रांगेत या, रांगेत!"

रांग फाटकाबाहेर गेली. मॅडमनी टिकलीला सविस्तर नोंद करायला वर्गात बोलावलं. ती दारातच अडली.

"आई, परत चुकलं तर?"

"इथे चुकत नसतं. दिसलं तर दिसलं म्हण, नाही तर नाही म्हण. आठवून काही सांगायचं नाही."

टिकली खुर्चीवर बसली. ताईने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. मॅडमनी काडी एकेका ओळीवर नेली. टिकलीने मान पुढे काढून पाहिलं. ओठ हलले, जुना क्रम जिभेवर आला असावा, पण तिने तो गिळला.

"दिसत नाही," ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्याने, "हेही दिसत नाही."

"शाब्बास!" ताई म्हणाली. आयुष्यात लेकीचं इतकं कौतुक तिला कधी वाटलं नव्हतं. "शाब्बास, माझी राणी. पुढचं सांग."