सारख्याच कागदांचे दोन हिरे

लग्न ठरलेलं ते जोडपं तासभर काउंटरवर बसून होतं आणि ताईची बडबड काही थांबत नव्हती. दुकान तिच्या धाकट्या भावाचं. पण हिरा पारखायचा म्हटलं की गिऱ्हाईक ताईलाच हाक मारायचं, कारण ताई कुणाला टोपी घालत नसे.

"दोन्ही एक पॉइंट शून्य एक कॅरेटचे," मुलगा दोन सर्टिफिकेटं शेजारी ठेवून म्हणाला. "रंग दोघांचाही जी, क्लॅरिटी व्हीएस टू. मग हा दुसरा एवढा महाग का? आम्हाला बनवताय का?"

"बनवायचं असतं तर बसवून सांगितलं असतं का रे? कटचा रकाना वाच. पहिल्याला फेअर, दुसऱ्याला एक्सलंट. पहिला पोटात खोल ठेवलाय, वजन एक कॅरेटच्या खाली जाऊ नये म्हणून. एकाच्या खाली गेला की भाव धाडकन पडतो ना! पण ते वजन खाली दडलं. वरून दिसतो लहान, आणि आत गेलेला उजेड खालूनच निसटतो. दुसऱ्याचं तोंड रुंद आहे, उजेड परत वर येतो. चमक म्हणतात ती हीच. पैसे तिचेच."

"म्हणजे पहिला ढेरपोट्या," मुलगी म्हणाली, आणि ताई खो खो हसली. मग ती म्हणाली, "आता कागदावर विश्वास ठेवू नका. कागदात लिहिलेलाच हिरा हातात आहे ना, ते आधी बघायचं."

दुसरा हिरा त्याच सकाळी तपासणीच्या प्रयोगशाळेतून आला होता. भाऊ आत फोनवर गुंतलेला होता, म्हणून ताईनेच तिजोरीच्या खणातून पुडी काढून आणली होती. तिने हिरा चिमट्यात धरला, भिंग डोळ्याला लावलं. हिऱ्याच्या कडेवर कोरलेला बारीक नंबर सर्टिफिकेटशी जुळला. मग सर्टिफिकेटवरच्या नकाशात दाखवलेली खोट शोधली. कडेजवळ एक बारीक पांढरी रेघ आणि तिच्या टोकाला काळा ठिपका.

ताईने भिंग पदराला पुसून पुन्हा डोळ्याला लावलं.

ही रेघ तिला तोंडपाठ होती. नवऱ्याने लग्नात दिलेल्या अंगठीतला हिराच तिने आयुष्यात पहिल्यांदा भिंगाखाली धरला होता. त्यावरच ती हे काम शिकली. नवरा त्या ठिपक्याला 'आपला तीळ' म्हणायचा. तो गेल्यापासून मात्र तिने अंगठी एकदाही भिंगाखाली घातली नव्हती, बघवतच नव्हतं. लेकीच्या लग्नात ती अंगठी लेकीला द्यायची, एवढं ठरलेलं.

आणि अंगठी तर बोटातच होती! चांगली लखलखत होती. तिने हिरा काउंटरच्या काचेवर ठेवला, अंगठी ओढून काढली, भिंगाखाली धरली. एकदा, दोनदा, उलटी करून पुन्हा. रेघ नाही. ठिपका नाही. आत नुसतं स्वच्छ पाणी. गावभर खोटं पकडत फिरले आणि दिव्याखाली अंधार, अगं बाई गं!

"ताई, बरं वाटत नाही का?" मुलीने विचारलं.

तेवढ्यात भाऊ बाहेर आला. ताईच्या समोर उघडी पुडी आणि काढलेली अंगठी बघून तो जागीच थबकला. त्याच्या चेहऱ्यावरूनच ताईला सगळं कळलं. दोन वर्षांपूर्वी हिरा धरणारे पंजे झिजलेत म्हणून अंगठी त्यानेच नेली होती. "चार दिवसांत देतो गं," म्हणाला होता.

"काय बसवलंस यात?" तिने विचारलं.

"ताई, गिऱ्हाईक आहे."

"काय बसवलंस?"

"लॅबमध्ये बनवलेला," तो पुटपुटला. "दिसायला सारखाच आहे ना? दोन वर्षांत तुलासुद्धा कळलं नाही. तुला नुसती घालायचीच तर होती. मग तुझा हा हिरा पडून का राहावा?"

ताईला वाटलं, आपल्याच कानाखाली कुणीतरी आवाज काढला. शिव्या तोंडाशी आल्या. लहानपणी याच्या वाटणीचा मार आपण खाल्ला होता, हे उगाचच आठवलं.

"आम्हाला हाच हवा," मुलगा काचेवरच्या हिऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला. त्याला काहीच उमगलं नव्हतं. "शेवटचा भाव सांगा."

भावाने हात जोडले, गिऱ्हाइकाला नव्हे, तिला. ताईने रिकामं बोट चोळलं.

"बाळा," ती म्हणाली, "कट, रंग, क्लॅरिटी, वजन, सगळं कागदावर आहे तसंच आहे. पण हा हिरा चोरीचा आहे. आणि चोर माझा भाऊ आहे."