होम रोवर बोटं

आमच्या वाळूजच्या ऑफिसात माऊस धरला की माणूस वाया गेला समजा. आम्ही कारखान्यातल्या मशीनचं सॉफ्टवेअर लिहितो आणि आमचे सांडू साहेब विम नावाच्या, माऊसशिवाय चालणाऱ्या एडिटरचे निस्सीम भक्त. सगळ्यांच्या एडिटरात त्यांनी बाणाच्या कळा बंद करायला लावल्या. h नं डावीकडं, j नं खाली, k नं वर, l नं उजवीकडं. नवीन माणूस आला की त्याच्या खुर्चीमागं उभं राहून कीबोर्डची मधली ओळ, म्हंजे होम रो, दाखवायची अन् म्हणायचं, "आधी होम रोवर बोटं ठेवा."

मशीनवरच्या सूचना मराठीत करायला महिन्याच्या बोलीवर मुक्ताबाई आल्या. वय सत्तावन्न. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात याच बाईंनी रात्रंदिवस पत्रकं टाइप केलेली. साहेबांनी फर्मान काढलं, शनिवारी माऊस न धरता अर्ध्या तासात पन्नास ओळी दुरुस्त करा, नायतर सोमवारी येऊ नका.

एडिटर लावून द्यायचं काम माझ्याकडं. Esc दाबलं की नॉर्मल मोड, कळा फक्त फिरवतात. i दाबलं की इन्सर्ट मोड, कळा लिहितात. बाईंनी हे पहिल्याच दिवशी उचललं. पण मराठी चालू करून चार शब्द लिहिले, Esc दाबलं, j दाबलं, तर कर्सर जागचा हालेना. दरवेळी कीबोर्ड इंग्रजी करा, फिरा, परत मराठी करा. शुक्रवारी अर्ध्या तासात पंधराच ओळी झाल्या. साहेब म्हणाले, या वयात व्हत नाय. मला लई राग आला, पण मीही मनातून बाईंना निरोप देऊन बसलो होतो.

बाईंनी शांतपणे विचारलं, मी j ची कळ दाबली की एडिटरला काय पोचतं? मी म्हणालो, मराठी चालू असल्यावर तिथं र येतो.

"मग त्यालाच सांगा ना, र म्हंजे खाली. मीच का बदलायचं?"

माझं तोंड बघण्यासारखं झालं. सेटिंगच्या फाईलीत फक्त नॉर्मल मोडसाठी पाच ओळी टाकल्या: प आला तर h, र आला तर j, क तर k, त तर l, अन् लिहायला बसायचं तर ग म्हणजे i. इन्सर्ट मोडला हात लावला नाय, तिथं प तो प च. कर्सर सुरसुर खाली गेला. बाई हसल्या.

"एका नावासाठी सोळा वर्षं भांडलो, सोनाजी. ही तर पाचच अक्षरं."

शनिवारी बावीस मिनिटांत पन्नास ओळी झाल्या. साहेबांनी माऊस कुठं लपवलाय म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं. मग आपल्या लॅपटॉपवर मराठी चालू करून यात काय अवघड नाय हे ते स्वतः दाखवायला बसले. Esc, j. Esc, Esc, j. कर्सर ढिम्म. कीबोर्ड खराब आहे म्हणाले, दुसरा मागवला, तोही तसाच. शेवटी लॅपटॉप उचलून बाईंच्या टेबलावर आणला अन् हळू आवाजात म्हणाले, तुमच्यात जे टाकलंय ते माझ्यातपण टाकून द्या.

बाईंनी खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली अन् स्वतः मागं उभ्या राहिल्या.

"आधी होम रोवर बोटं ठेवा, साहेब."