लिंबाच्या आळीचा पत्ता

फाल्गुनातलं ऊन कृष्णाकाठच्या त्या खळ्यावर उतरे, तेव्हा त्याचं स्वतःचं असं काही उरत नसे. शिजून निघालेली हळद तिथं चार बोटं थरानं पसरलेली असे. पीतवर्ण भूमी, पीतवर्ण भिंती, पीतवर्ण माणसं. पॉलिशचं पिंप गडगडू लागलं, की हळकुंडांची साल झडे आणि तिची सुवर्णधूळ उंबरा ओलांडून, माजघर ओलांडून, थेट देव्हाऱ्यातल्या देवांपर्यंत जाई. देवांचं काही बिघडत नसे. बिघडे ते चार वर्षांच्या अनघाचं. तिची इवलीशी छाती रात्रभर वाजे, आणि तिची आई, त्या घरची धाकटी सून पद्मजा, तिला उभी धरून बसे.

अकरा वर्षं पद्मजा या घरात होती. अकरा वर्षं ती बोलली ती हळू, चालली ती हळू, हसली तीही पदराआड. या घरात सुनेनं तोंडानं काही मागितलं तर त्याला उलट बोलणं म्हणत. पण टपालानं आलेल्या कागदाचा मान मोठा. सासूबाई गोदाक्का, ज्यांना ती आत्याबाई म्हणे, पायांतली चप्पल काढून टपालाला सामोऱ्या जात. मग मागायचं ते टपालानंच का मागू नये?

तीन दुपारी बसून तिनं पत्र लिहिलं. तीर्थरूप लिहावं जन्मदात्यांना, तीर्थस्वरूप लिहावं इतर वडीलधाऱ्यांना, हे तिला शाळेपासून पाठ. तरी तिनं तीर्थरूपच लिहिलं. पाकिटावर याच घराचा पत्ता घातला आणि भाजीला जाताना ते चौकातल्या लाल पेटीत टाकलं. टाकल्यावर हात मागे आला, काळीज काही आलं नाही.

मामंजी एकटे असताना वाचतील, आपण तेव्हा विहिरीवर असू, असा तिचा बिचारीचा हिशेब. पण घरच्या वहिवाटीतून आपलं पत्र सुटेल, हे तिनं उगाच धरलं होतं. मोतीबिंदूनं गोदाक्कांचे डोळे पार अधू झाल्यापासून घरात येणारं प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचलं जाई. आणि वाचणारी होती पद्मजाच.

भर दुपारी पोस्टमन आला. मामंजी नुकते खळ्यावरून येऊन पाटावर टेकले होते. त्यांनी पाकीट उलटंसुलटं पाहिलं. अक्षर त्यांनी ओळखलं, हे तिला त्यांच्या भुवईवरून समजलं.

"दोघांच्या नावानं आहे," ते म्हणाले. "वाच सूनबाई. टपाल तूच वाचतेस."

क्षणभर तिला वाटलं, मावशीचं पत्र आहे म्हणावं, दोन ओळी रचून सांगाव्या आणि कागद चुलीत घालावा. आत्याबाईंना दिसत नाही, मामंजी बोलायचे नाहीत. अनघा आत खोकली. पद्मजानं पाकीट फोडलं.

"तीर्थरूप मामंजी व तीर्थरूप आत्याबाई यांचे चरणी पद्मजाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष."

गोदाक्कांच्या हातातली वात थांबली. "तुझं पत्र?"

"होय, आत्याबाई."

"वाच."

जे तोंडानं मागता येईना म्हणून लिहिलं, ते आता तोंडानंच वाचायचं होतं. ती वाचू लागली.

"डॉक्टर म्हणतात, या धुळीत अनघाची छाती सुधारायची नाही. शाळेमागं लिंबाच्या आळीत दोन खोल्या रिकाम्या आहेत. तिथं वेगळं राहायला आपली परवानगी मागते. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, आईदादा हो म्हणाले तर. तरी मागणी माझी आहे, बोल लावायचा तो मला लावावा. आम्ही वाटणी मागत नाही. शेतातलं, खळ्यातलं काही नको. हे रोज खळ्यावर येतील. रेशनकार्डातली नावं इथंच राहू द्यावीत. देव वेगळे करणार नाही. गौरी, नवरात्र, सारा कुळाचार इथंच, आणि त्या दिवशी आमची चूल पेटणार नाही. थोरल्या जाऊबाई घरात आहेत, तरी आपल्या औषधाच्या वेळा मी सांभाळीन."

ती थांबली.

"संपलं?" गोदाक्कांनी विचारलं.

"संपलं."

"मग मागचा कागद कशाला सळसळला? डोळे गेलेत गं माझे, कान शाबूत आहेत."

पद्मजानं मामंजींकडं पाहिलं. ते आपल्या पिवळ्या तळहाताकडं पाहत होते. तिनं दुसरा कागद वर घेतला, आणि आवाज पार खाली गेला.

"खोटं राहू नये म्हणून लिहिते. अनघा आजारी नसती, तरी कधीतरी मी हे मागितलंच असतं. इथं मला कुणी उपाशी ठेवलं नाही, घालूनपाडून बोललं नाही. पण आज काय शिजवायचं, हे अकरा वर्षांत मी एकदाही ठरवलं नाही. एक घर माझ्या मनानं लावून पाहावं, अशी इच्छा आहे. आपण नाही म्हणालात, तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. आपली आज्ञाधारक, पद्मजा."

उंबऱ्याशी धुळीचा एक झोत तरंगत राहिला. नाही म्हणाल्या, तर पुढची अकरा वर्षंही अशीच जायची, आणि लेकीची छाती अशीच वाजायची.

"कागद घे," गोदाक्का म्हणाल्या. "कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं असतं. लिही."

गोदाक्कांची उत्तरंही आजवर तीच लिहीत आली होती. ती बसली. मांडीवर पाट, पाटावर कागद, आणि पुढचं वाक्य काय येणार, याचा पत्ता नाही.

"चिरंजीव सौभाग्यवती पद्मजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र पावलं. मला राग आला आहे." त्या थांबल्या. "लिहिलंस?"

"लिहिलं."

"राग कशाचा, तेही लिही. आमच्या हळदीनं जखमा भरतात म्हणून मुलूख दारात येतो. पोरीचा श्वास वाजतो, तो रात्री मीही ऐकत होते. हळदीला बोल लागेल म्हणून मी गप्प राहिले. तुझ्या आधी मी बोलायला हवं होतं. राग त्याचा आहे."

पेन अडखळलं, पुन्हा चाललं.

"थोरली वाचते, पण भराभर वाचते. तुझ्यासारखं थांबत नाही. ते माझं मला सोसावं लागेल. कालवणात तू मीठ कमी घालतेस. माझ्या घरात ते मी निस्तरलं, पुढचं तू बघ. कळावे."

हो नव्हतं, नाही नव्हतं. कागदावर 'कळावे' होतं आणि पद्मजाला काही कळत नव्हतं. गोदाक्कांनी पेन मागून घेतलं आणि चाचपडत, वाकडंतिकडं आपलं नाव लिहिलं.

"पाकिटात घाल. टपालानं मागितलंस, टपालानंच मिळेल."

पद्मजानं पाकीट पुढं ओढलं. "पत्ता कुठला घालू?"

"कुणाला लिहिलंय?"

"मला."

"मग तुझा घाल."

"म्हणजे... इथला?"

"इथं मी राहते," गोदाक्का म्हणाल्या. त्यांचे अधू डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "लिंबाच्या आळीचा घाल."

पद्मजाच्या नावानं या घरात जे जे पत्र आलं, त्यावर आधी 'द्वारा' आणि मग मामंजींचं नाव असे. हात सवयीनं तिकडंच वळला. पाकिटावर 'द्वा' उमटला.

"द्वारा घालतेयस ना? खोड ते," गोदाक्का म्हणाल्या. "स्वतःच्या घरी कुणी द्वारा राहत नाही."

तिनं अक्षर खोडलं. वर आपलं नाव लिहिलं. खाली आळी लिहिली, खाली गाव लिहिलं, आणि मग तिला पुढचं दिसेना.

तेव्हा पाटावरून मामंजी बोलले. "पिनकोड बदलायचा नाही, सूनबाई. तो आपला एकच आहे."

तिनं मान खाली घातली. सहा अंक, सावकाश, एकामागून एक, तिनं लिहिले. ओल्या शाईवर माध्यान्हीचं ऊन येऊन टेकलं, आणि शाई वाळेपर्यंत तिघांतलं कुणी उठलं नाही.