गोदावरीची काजं

बाळीवेशीतल्या आपल्या दुकानात महिपती शिंपी मशीन चालवायचा आणि पडद्यामागे त्याची बायको गोदावरी कोटांची काजं करायची. हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी ती एका तपकिरी कोटाची काजं करायला बसली होती. खडूच्या खुणेवर चीर, पुढच्या टोकाला बटणाची दांडी बसावी म्हणून टोच्यानं गोल भोक. कडेनं आधी कच्चे टाके, मग जाड दोरा ठेवून त्यावरून मेण लावलेलं रेशीम. दर टाक्याला दोऱ्याचा फेर सुईखालून घ्यायचा, म्हणजे गाठ बरोबर कडेवर बसते. रेशीम मधेच संपलं तर जोड दिसतो, म्हणून ती सुरुवातीलाच पुरेल एवढं लांब घ्यायची.

दुपारी कन्याशाळेच्या प्रभाबाई भावाचा तयार झालेला कोट न्यायला आल्या. काजं उजेडात धरून त्यांनी विचारलं, "ही कुणी केली?"

"मीच की," महिपती म्हणाला. बायको दुकानाचं काम करते, हे सांगायची त्याला लाज वाटे.

"बाईच्या हातची असतील असं वाटलं. शाळेत मुलींना शिवण शिकवायला बाई हवी आहे. असो."

आत्ता बोलायला हवं होतं. पण खोटा ठरायच्या भीतीनं महिपतीनं कोटाची घडी घातली. प्रभाबाई गेल्या.

पडद्यामागून गोदावरी आली. अर्धवट काजाचा तपकिरी कोट तिनं त्याच्या पुढ्यात ठेवला.

"पुढचं तुमीच करा."

"गोदे, मला ठाऊक नव्हतं, त्या कशासाठी इचारतायत."

"ठाऊक झाल्यावर तरी?"

त्यानं सुई घेतली. त्याच्या गाठी कडेवरून घसरून कापडावर चढल्या, चौथ्या टाक्याला रेशीम पिंजलं. त्यानं ते उसवलं तशी चिरेची कड सुटून धागे निघाले. गिऱ्हाईक उद्या येणार होतं.

त्यानं दुकान उघडंच टाकलं आणि शाळेकडे निघाला. प्रभाबाई फाटकाशीच भेटल्या.

"बाई, काजं माझ्या बायकोची हायत. मी खोटं बोललो."

"तासाभरापूर्वीच मोहोळच्या बाईंना होकाराचं पत्र टाकलं. दुकानातच सांगितलं असतंत तर..."

महिपती परतला तेव्हा गोदावरी सुटलेली कड पुन्हा कच्च्या टाक्यांनी आवळत होती.

"गेलो व्हतो. खरं सांगितलं. पर दुसरी बाई ठरली."

"हितं सांगायचं व्हतं," ती मान वर न करता म्हणाली. "मी ऐकत व्हते तवा."

काज पुरं करून तिनं दोरा तोडला. मग उठून पडदा खिळ्यावरून काढला, घडी करून फळीवर ठेवला आणि रस्त्याकडे तोंड करून पुढच्या काजाला बसली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्याला बरं वाटायला हवं होतं. पण त्यानंतर तिनं त्याच्याशी दुकानात कामापुरतंच बोलायचं ठेवलं.