आईला चक्कर आली होती

माझ्या भाचीला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तिच्या डॉक्टरीणबाईंनी तिला गृहपाठ दिला. पहिल्या भेटीआधी पत्र लिहून पाठवायचं. जुने आजार, ऑपरेशनं, चालू औषधं, घरातल्यांची दुखणी आणि मनात असेल ती काळजी, अगदी वेडगळ वाटली तरी. 'समोर बसलं की बायका निम्मं विसरतात आणि उरलेलं नवऱ्यासमोर सांगत नाहीत,' असं त्यांचं म्हणणं. मला ती बाई न बघताच आवडली.

आमच्या वेळी कोण विचारायचं? नर्स वजनकाट्यावर उभं करायची, डॉक्टर पोटाला हात लावायचे आणि 'छान आहे' ऐकून आपण घरी. काय छान आहे, हे विचारायची हिंमत नसायची.

भाची स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत बसली होती. मी चहा घेत होते आणि तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, मटार सोलत होती.

"वाचून दाखव गं," मी म्हटलं.

"हसायचं नाही हां, मावशी." तिने घसा साफ केला. "'डॉक्टर, नमस्कार. माझं हे पहिलंच बाळंतपण. शाळेत असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. पेनिसिलिनने अंगावर पुरळ उठतं. केमिस्टकडून फॉलिक अ‍ॅसिड आणलंय, ते रोज घेते. अर्धशिशीसाठी आयब्युप्रोफेन घ्यायचे. दिवस गेल्याचं कळायच्या आधी दोनदा घेतलं, आता बंद केलंय. केसांसाठी एक पावडर खाते. डब्यावर बाईचा फोटो आहे, आत काय आहे ते लिहिलेलं नाही.'"

"ती पावडर पण लिहिलीस?" बहीण म्हणाली.

"सगळं लिहा म्हणाल्यात. आता काळज्या. 'एक, त्या गोळ्यांनी बाळाला काही झालं असेल का? दोन, मला उलट्या होत नाहीत, तर बाळ आहे ना नक्की? तीन, मी जिना धावत उतरते, ती माझी सवय आहे.' मावशी, हसू नकोस म्हटलं होतं ना!"

"मी चहाला हसतेय."

"बरं, आता शेवटचा प्रश्न. आईला किंवा बहिणीला गरोदरपणात काही त्रास झाला होता का? आई, तुला काय झालं होतं?"

"मला काय होणार? चक्कर आली आणि तू झालीस."

"कशाने आली चक्कर?"

"उन्हाने."

"माझा वाढदिवस ऐन थंडीत असतो, आई."

बहिणीने मटाराची एक शेंग उगीचच दोनदा सोलली. भाचीने माझ्याकडे पाहिलं. माझी स्मरणशक्ती ही आमच्या घरातली सगळ्यात अडचणीची वस्तू आहे. माळ्यावर टाकता येत नाही आणि विकताही येत नाही.

"ताई," बहीण मला म्हणाली, "जरा बाल्कनीत ये."

बाल्कनीत तिने दार लोटून घेतलं. "तू काही बोलू नकोस. त्या पोरीचा नवरा बरोबर जाणार दवाखान्यात. उद्या तिच्या सासरी कळलं की हिच्या आईला फिट्स येतात, तर? रक्तातच आहे म्हणतील. पोटातल्या बाळापर्यंत आणून पोचवतील."

"येतात कुठे? एकदा आली. पोरीच्या जन्माच्या वेळी."

"एकदा आली काय आणि शंभरदा आली काय, लोकांना सारखंच."

बहिणीची सासू गेली तरी सासूचं वाक्य हिच्या तोंडात जिवंत होतं. 'फिट म्हणायचं नाही. उद्या पोरीचं लग्न करायचंय. चक्कर म्हणा.' पोर तेव्हा पाळण्यात होती. आणि घरातल्या सगळ्यांनी चक्करच म्हटलं.

"अगं, ती विचारतेय ते स्वतःसाठी विचारतेय," मी म्हटलं. "ते कशाने झालं, मला नाही कळत. तुला कळतं?"

ती हळूच म्हणाली, "मला तर काही आठवतच नाही, ताई. मला कुणी धड सांगितलंही नाही. मला झालं काय होतं?"

इतक्या वर्षांत तिने हे मला पहिल्यांदा विचारलं. आम्ही आत आलो. भाचीने पेन उचललं आणि मी दोघींना सांगायला लागले.

शेवटच्या महिन्यांत हिचे पाय असे सुजले होते की ही नवऱ्याच्या चपला घालून फिरायची. चेहराही सुजला. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना, शेवटी सोनाराकडून कापून घेतली. आम्ही म्हणायचो, बाळसं धरलंय! मग एक दिवस डोकं ठणकायला लागलं, बरगडीखाली दुखायला लागलं. "ताई, भिंतीवर ठिणग्या दिसतायत," असं म्हणाली आणि माझ्या हातातच ताठ झाली. हातपाय झटकत होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा शुद्ध नव्हती. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला आणि नर्स पळतच सुटली. दिवस भरले नव्हते, तरी पोट उघडून बाळ काढलं. एवढंसं होतं, कापसात गुंडाळलेलं.

"ती मी?" भाची म्हणाली.

"तूच. नुसतं नाक होतीस."

"मी ठिणग्या म्हणाले?" बहीण म्हणाली. तिचे मटार कधीच सोलून झाले होते, तरी हात टोपलीत शेंगा शोधत होते.

"लिहू का, आई?"

बहिणीने टोपली बाजूला सारली. "लिही. पण खाली लिही, आईला नंतर कधी आली नाही म्हणून."

दवाखान्यात आम्ही चौघं गेलो, जावईबापूंसकट. डॉक्टरीणबाई लहान चणीच्या, चष्मा कपाळावर. पत्रातल्या शेवटच्या परिच्छेदाखाली त्यांनी लाल रेघ मारली होती. ती बघून बहिणीने पदर घट्ट धरला.

"त्या गोळ्या दोनदाच, तेही अगदी सुरुवातीला. त्याची धास्ती नको. आता डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि तेही पुरेना तर मला फोन. पावडर बंद. जिना उतरा, पण कठडा धरून." मग त्या बहिणीकडे वळल्या. "आई, त्याआधी कधी फिट आली होती? लहानपणी?"

"नाही."

"नंतर?"

"कधीच नाही."

"मग ही मिरगी नाही. गरोदरपणात दाब फार वाढला की अशी फिट येते. सूज, डोकेदुखी, ठिणग्या, सगळं त्यातलंच. ते बाळंतपण संपलं आणि तो आजारही गेला."

जावईबापू म्हणाले, "मग हिला?"

"आईला होतं आणि हिचं पहिलंच आहे, म्हणून धोका थोडा जास्त. होईलच असं नाही. पण कळलं म्हणून आधीच काही करता येतं. बारा आठवडे भरले की रोज रात्री कमी ताकदीची अ‍ॅस्पिरिन देईन. प्रत्येक भेटीत दाब आणि लघवी तपासू. आणि ठिणग्या दिसल्या, डोकं ठणकलं, चेहरा सुजला, तर वाट बघायची नाही. लगेच यायचं."

"बाळसं म्हणायचं नाही," भाची माझ्याकडे बघत म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

जावईबापू फोनवर सगळं टिपून घेत होते. बहीण वाकून बघू लागली, काय लिहितायत ते. त्यांनी फोन तिच्याकडे वळवला. 'ठिणग्या – लगेच निघायचं, गाडीत पेट्रोल ठेवायचं.' एवढंच. फिट हा शब्दही नव्हता.

आम्ही उठलो तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही थांबा. गरोदरपणात ज्यांचा दाब चढतो, त्यांचा पुढे वय वाढलं की पुन्हा चढू शकतो. शेवटचा कधी बघितलात?"

"मला काय होणार?" बहीण सवयीने म्हणाली. मग स्वतःच थांबली, खुर्चीत बसली आणि बाही वर करू लागली. पट्टा फुगत गेला तशी ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"किती आला?" तिने विचारलं. "आणि त्या दिवशी किती होता गं, ताई? आठवतं तुला?"