तुवाची पाच मिनिटं

तुवा हेडेनस्कोगने फ्रिजसमोर उभं राहून आपलं भाषण तिसऱ्यांदा संपवलं आणि मोबाइलकडे पाहिलं. साडेसोळा मिनिटं. सकाळी साडेसोळा, जेवणानंतर पावणेसतरा, आणि आता पुन्हा साडेसोळा. शुक्रवारी विद्यार्थ्यांच्या संशोधन परिषदेत प्रत्येकाला मिळणार होती बारा, त्यातली शेवटची दोन प्रश्नांची. मंगळवार आधीच कलला होता.

"फ्रिजला आवडलं," टेबलाशी बसून बटाटे सोलणारी नसरीन म्हणाली. दोघींच्या खोल्या एकाच वसतिगृहात शेजारीशेजारी, स्वयंपाकघर सामायिक. "मलाही आवडलं. पण रासमुस तुला साडेसोळा मिनिटं बोलू द्यायचा नाही. त्याच्याकडे ते अंडी उकडायचं घड्याळ आहे ना, लाल? मागच्या वर्षी एका पोराला नुसते आभार मानायचे राहिले होते, तरी वाजवलं."

"मा... माहितीये."

तुवा बोलताना अडखळायची. लहानपणापासून. घरच्यांशी कमी, परक्यांशी जास्त, आणि स्वतःचं नाव सांगताना सगळ्यांत जास्त. तळ्यांवरचा बर्फ दर वसंतात कधी वितळतो, यावर तिने दीड वर्ष काम केलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांच्या रोजनिशा चाळून एकेक तारीख गोळा केली होती. कागदावर तिच्यापुढे कोणी टिकलं नसतं. पण शुक्रवारी उमेओ विद्यापीठातून प्राध्यापक गुनवोर स्टेनमार्क येणार होत्या. त्यांना पीएचडीसाठी एकच विद्यार्थी घ्यायचा होता आणि कागद वाचून त्या कोणाला घेत नाहीत, ऐकून घेतात, असा त्यांचा लौकिक. तुवाला त्या जागेखेरीज दुसरं काही नको होतं.

"मग माग की पाच मिनिटं," नसरीन म्हणाली. "सरळ लिही. मी अडखळते, मला वेळ लागतो. विषय संपला."

"नाही."

"का नाही?"

तुवाने लॅपटॉप पुढे ओढला. आठवीत असताना बाईंनी मोठ्या मायेने तिला वर्गासमोर बोलण्यातून सूट दिली होती. बाकीची पोरं मैदानावर असताना तिने रिकाम्या वर्गात एकट्या बाईंना भाषण ऐकवायचं. तेव्हापासून शाळा संपेपर्यंत ती 'बिचारी तुवा' होती. सूट तिला विषासारखी वाटायची. तिने लॅपटॉप उघडला आणि खरं कारण सोडून बाकी सगळं लिहिलं.

"हाय रासमुस, शुक्रवारी बाराऐवजी सतरा मिनिटं मिळतील का? कारणं अशी. माझ्याकडे दोन तळ्यांच्या नोंदी आहेत आणि त्या शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष पटत नाही. जुन्या तारखा पाद्र्यांच्या रोजनिशांतल्या आहेत. त्यांवर भरवसा का ठेवायचा, हे सांगावं लागतं. प्रश्नांची दोन मिनिटं मी सोडायला तयार आहे. माझ्या बाजूनेही काटछाट केली आहे, पडद्यावरच्या चौदा पानांची आठ केली. आराखडा असा: प्रश्न काय, एक पान. रोजनिशा, दोन. पहिलं तळं, दोन. दुसरं तळं, दोन. निष्कर्ष, एक. तुवा."

आराखडा छाटायला तिला तीन तास लागले. फ्रिजपुढे चौदा पानांना जेवढी मिनिटं लागली, तेवढी परक्यांपुढे आठांनाही लागणार होती. एकेक पान उडवताना जीव तुटत होता, पण मागणाऱ्याने आधी स्वतःची कात्री दाखवावी, असं तिला वाटलं. पत्र नेटकं होतं, नम्र होतं. नसरीनने वाचून नाक मुरडलं. "छान आहे. खोटं आहे, पण छान आहे."

बुधवारी सकाळी उत्तर आलं. रासमुस एकवाल हा विभागातला पीएचडीचा विद्यार्थी, परिषदेचा एकहाती संयोजक. माणूस वाईट नव्हता. फक्त मिनिटांवर त्याची श्रद्धा होती.

"हाय तुवा! काय सुंदर छाटलंयस! पानाला सव्वा मिनिट धरलं तर आठ पानांची बरोबर दहा मिनिटं होतात, म्हणजे प्रश्नांची दोनही शाबूत राहतात. तेव्हा जास्तीच्या वेळेची गरजच उरली नाही. तुझा आराखडा सगळ्या वक्त्यांना नमुना म्हणून पाठवलाय, रागावू नकोस. तू पहिली बोलतेयस, बाकीच्यांना वळण लागेल!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मिनिटं मिळावीत म्हणून जी पानं तिने कापली, तीच पानं आता तिच्याविरुद्ध साक्ष देत होती. वर बाकीच्या तेरा वक्त्यांच्या मेलपेटीत तिचा आराखडा जाऊन पडला होता. दुपारपर्यंत तिघांनी तिला अंगठा पाठवला. एकाने लिहिलं, "तुझ्यामुळे मला चार पानं उडवावी लागली, थँक्स हं."

आता ती बारा मिनिटांत मावली नाही, तर नमुनाच मावला नाही असं होणार. नाव मागे घेतलं, तर गुनवोर तिला ऐकणार नाहीत. खरं सांगितलं, तर पुन्हा तो रिकामा वर्ग. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या फळीवर तुवा. रात्री तिला जेवण गेलं नाही. नसरीनने बटाट्याची कढई पुढे सरकवली तेव्हा ती चिडूनच उठली आणि मग दारात थांबून म्हणाली, "उद्या त्याच्याकडे जाते."

गुरुवारी ती रासमुसच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"र... रासमुस, मला ती प... प..."

"पानं?" रासमुसने मदत केली. "वाढवू नकोस, मस्त आहेत."

"नाही. प..."

"पडदा? प्रोजेक्टर? दोन्ही चालू आहेत, मी तपासलेत."

"पाच मि... मिनिटं!" तुवा जवळजवळ ओरडली. "प... पानं आठच आहेत. म... मला बोलायला वेळ लागतो. असा."

रासमुसचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. तो विरघळला. "अगं, आधी सांगायचंस ना! वीस मिनिटं घे. की व्हिडिओ करून आणतेस? नाहीतर तुझी पानं मी वाचून दाखवतो, हवं तर सुरुवातीलाच सगळ्यांना नीट समजावून सांगतो..."

"सतरा," तुवा म्हणाली. "आणि को... कोणाला काही सांगायचं नाही."

रासमुसने वेळापत्रक काढलं आणि डोकं खाजवलं. पुढच्या वक्त्याची मिनिटं काढून घेणं त्याच्या तत्त्वात बसेना. कॉफीची वेळ कापावी तर लोक त्याला फाडून खातील. मग त्याची नजर सत्राच्या पहिल्या ओळीवर गेली. 'दुपारी एक' असं छापलं होतं, आणि 'एक' म्हणजे अर्थातच सव्वा. विद्यापीठाच्या या गावात तासाच्या ठोक्याला छापलेलं काहीही पाव तास उशिरानेच सुरू होतं. हे पाऊण तासाचे वर्ग आणि त्याआधीचा हा मोकळा पाव तास आताच्या पोरांच्या आजोबांनीही तसाच उपभोगला होता.

"हा पाव तास कोणाच्याच बापाचा नाही," रासमुस खुशीत म्हणाला. "आपण एक वाजून दहाला सुरू करू. अगदी ठोक्याला. सगळ्यांना आत्ताच कळवतो. तुझी सतरा झाली, कोणाचं काही गेलं नाही."

तुवा बाहेर पडली तेव्हा तिला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली.

शुक्रवारी एक वाजून दहा मिनिटांनी सभागृहात तीन माणसं होती. घड्याळ घेऊन बसलेला रासमुस, पहिल्या रांगेत नसरीन, आणि मागे कोणीतरी सँडविच खात होतं. बाकी साठ खुर्च्या रिकाम्या. काचेच्या दारापलीकडे अख्खी परिषद कॉफीचे पेले घेऊन गप्पा मारत होती. त्यांत करड्या केसांच्या गुनवोरही होत्या. रासमुसचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाही असेल. पण जन्मभर सव्वाला आत जाणारे पाय निरोपाला भीक घालत नाहीत.

"सुरू कर," रासमुस कुजबुजला. त्याने लाल घड्याळाला सतरा मिनिटांचा पीळ दिला होता आणि ते टिकटिकू लागलं होतं.

"लो... लोक नाहीत."

"मी त्यांना बोलावलं, पण ते म्हणतात अजून पाच मिनिटं आहेत. तुवा, एक सत्तावीसला पुढचा वक्ता उभा राहणार. ही मिनिटं गेली तर माझ्याकडे दुसरी नाहीत."

तुवाने समोर पाहिलं. तोच रिकामा वर्ग. तीच सूट. मागितलेली पाच मिनिटं तिला मिळाली होती, आणि ती बरोबर अशा जागी मिळाली होती जिथे ऐकायला कोणी नव्हतं. तिला रडू आलं आणि रागही आला. रासमुसचा नाही, स्वतःचाच. ते गोंडस पत्र, ती तीन कारणं, ती छाटलेली पानं. एका खऱ्या ओळीऐवजी तिने हा सगळा खटाटोप मांडला होता.

तिने भाषण सुरू केलं नाही. लॅपटॉपवर वाकली आणि पानं काढायला लागली. दुसऱ्या तळ्याची दोन्ही गेली. रोजनिशांचं एक गेलं. घड्याळ टिकटिकत होतं, नसरीन खुर्चीच्या कडेवर आली होती, रासमुस कपाळाला हात लावून बसला होता.

सव्वाला दार उघडलं आणि माणसं लोंढ्याने आत आली. गुनवोर तिसऱ्या रांगेत बसल्या, पेला मांडीवर धरून.

"माझं नाव त... त... तुवा," ती म्हणाली. "मी अडखळते. हे सांगायला मला सतरा मिनिटं लागतात. ब... बारा उरलीत. म्हणून मी फक्त एका तळ्याचं सांगणार आहे. मध्ये मला श... शब्द सुचवू नका, मला तो माहीत असतो."

कोणीतरी हसलं, वाईट नव्हे असं. तुवाने सांगितलं. दर वसंतात तळ्याकाठी उभं राहून तारीख टिपणाऱ्या पाद्र्याचं सांगितलं, त्याच्यानंतर आलेल्यांचं सांगितलं. अडली, थांबली, पुन्हा निघाली. शेवटच्या पानावर आली तेव्हा रासमुसने बोट वर केलं. एक मिनिट.

"म्हणजे त्या काळापेक्षा आज इथला बर्फ वि... वितळतो तो त... त... त..."

शब्द टाळूला चिकटला. आणि लाल घड्याळ खणखणलं. रासमुसने ते घाईघाईने पोटाशी दाबून बंद केलं. त्याच्याच्याने राहवेना, त्याचे ओठ हलले, 'तीस' म्हणायला. तुवाने त्याच्याकडे न बघता तळहात वर केला. तो गप्प झाला. पुढचा वक्ता अर्धा उठला होता, तो परत बसला.

किती वेळ गेला, कोणी मोजला नाही. घड्याळ बंदच होतं.

"तेवीस दिवस आधी," तुवा म्हणाली.

टाळ्या वाजल्या. ती लॅपटॉप काखेत मारून खाली उतरली. प्रश्नांची वेळ नव्हतीच. गुनवोरनी वाटेतच तिची बाही धरली आणि तिला बसायला शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलला.

"दुसरं तळं राहिलं की," त्या हळूच म्हणाल्या. "हे सगळं संपलं की बसू आपण. माझी गाडी सहाची आहे."