रामीबाईच्या सहीची जागा

शनिवारी गाडी भरलेली परत आली. किसनसिंग ड्रायव्हरने किल्ली टेबलावर ठेवली आणि सहीची जागा कोरी असलेला कागद माझ्यापुढे केला.

"रामीबाई सही करत नाही म्हन्ते. म्हन्ते, ज्याचं एक अक्षर वाचता येत नाही त्याच्यावर सही कायले करू?"

आमची दारव्ह्याची शेतकऱ्यांची कंपनी. पेरणीच्या आधी गावोगावच्या बचत गटांच्या डेपोंना बियाणे पोचवते. नेरच्या बाजूला एका तांड्यावर रामीबाईचा डेपो आहे. बाई चौथीपर्यंत शिकलेली, पण मराठी एकेक अक्षर लावून नीट वाचते. गाडीबरोबर जाणारी डिलिव्हरी नोट मात्र सगळी इंग्रजी. मालाच्या नावाच्या जागी नुसते कोड. लवकर येणाऱ्या सोयाबीनचा एक, उशिरा येणाऱ्याचा एक, दोन्हींत फरक एका अक्षराचा. मागच्या वर्षी त्यातच घोटाळा झाला. पोती मोजून बरोबर भरली म्हणून रामीबाईने सही केली. हलक्या रानाच्या बायांकडे उशिरा येणारे बी गेले, आणि शेंगा भरायच्या आधी रान वाळले. कंपनीने कागद दाखवला. खाली तिचीच सही.

आमचे व्यवस्थापक राजदीप सर तसे वाईट नाहीत. पण शनिवारी चिडले होते.

"पुष्पाताई, गुरुवारी गाडी पुन्हा जाईल. ह्या वेळेस सही झाली नाही, तर डेपो नेरच्या दुकानदाराले देऊन टाकतो. मले पेरणीच्या तोंडावर हा खेळ परवडत नाही."

"कागद मराठीत करून दिला तर?"

"तुम्ही करान?"

"करीन सर."

एवढेच बोलणे झाले. मी आवाज चढवणाऱ्यातली नाही. पण तोंडातून निघालेले मी नेमासारखे धरते, आणि नेम मोडत नाही.

सोमवारी सकाळी अध्याय वाचून, दिव्याची वात सारून ऑफिसात आले. सोमवारचा उपास असल्यामुळे चहावरच होते. ईआरपीत, म्हणजे कंपनीचा माल आणि हिशेब ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत, छापायच्या कागदाचा एक साचा असतो, त्याला प्रिंट फॉरमॅट म्हणतात. शीर्षक कुठे, रकाने किती, कोणती माहिती कुठून उचलायची, सगळे त्यात लिहिलेले. तो उघडला आणि आधी रकान्यांची नावे मराठीत केली. पण साच्यात मराठी लिहिल्याने मालाचे नाव मराठी होत नाही. ते मालाच्या यादीतून येते. म्हणून यादीत 'मराठी नाव' असा नवीन रकाना जोडला आणि त्रेसष्ट वस्तूंची नावे बसून टाइप केली. सरांच्या संगणकात मराठी यादी होती म्हणा, झेरॉक्सवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये करून दिलेली. ती चिकटवली तर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ उमटली. ती सोडून दिली.

दुपारी तीनला स्क्रीनवर नोट दिसली. 'सोयाबीन बियाणे, लवकर येणारे.' खाली बारीक इंग्रजीत कोड. मला इतका आनंद झाला, की सरांना हाक मारली. मग पीडीएफ काढून छापली.

कागदावर सगळे चौकोन. एकाशेजारी एक रिकामे चौकोन, जसे पेरायला काढलेले वाफे.

सर कागद उलटासुलटा करून म्हणाले, "ताई, हे तर रामीबाईच काय, मी पन वाचू शकत नाही."

आमची ईआरपी नागपूरहून समीक्षा सांभाळते. तिला फोन लावला. ती हसली.

"काकू, स्क्रीनवर दिसतं ते तुमच्या संगणकातल्या फॉन्टनं. पीडीएफ मात्र आमच्या सर्व्हरवर तयार होते, आणि तिथं देवनागरी फॉन्टच नाही. इतकी वर्षं कोणाला लागलाच नाही ना!"

"मग टाक ना मा."

"टाकते. उद्या सकाळी करून देते. तुम्ही साच्यात फॉन्टचं नाव लिहा, मी पाठवते. नाव नीट लिहाल, नाहीतर सर्व्हर आपल्या मनानं दुसराच उचलेल."

मंगळवारी चौकोनांची अक्षरे झाली. पण नवे दुखणे निघाले. मी इंग्रजीच्याच मापात मराठी बसवली होती. इंग्रजी ओळीला डोक्यावर काही लागत नाही, आपल्या अक्षराला वर मात्रा आणि खाली उकार. ओळी खेटून असल्याने मात्रांची टोके कापली गेली, आणि जोडाक्षरे आमच्या जुन्या प्रिंटरवर शाईचे ठिपके झाली.

त्या संध्याकाळी घरी देवापुढे बसले, पोथी उघडली, आणि पानाकडे बघतच राहिले. इतकी वर्षे मी ती समईच्या उजेडात वाचते, चष्मा नसला तरी अडत नाही. वाचन पूर्ण होईपर्यंत मन तिकडे जाऊ दिले नाही. नमस्कार केला आणि मग पट्टी आणून पोथीतल्या ओळी मोजल्या. एका ओळीपासून दुसरी ओळ बरोबर नऊ मिलिमीटर. बुधवारी तेच माप साच्यात लिहिले. मराठी सोळा पॉइंटात, ओळ त्याच्या दीडपटीहून थोडी जास्त. इंग्रजी अकरात.

अक्षरे मोकळी झाली. पण कागद एकाचे दोन झाले, आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर एकटीच गेली.

"असं नाही चालायचं," सर म्हणाले. "सही एकीकडे, माल एकीकडे. अन् तीन प्रतींचे सहा कागद! अक्षर लहान करा."

"अक्षर लहान नाही करत सर. दुसरं काढते."

"काय काढान?"

"भाव काढते. बँकेचा नंबर काढते. ह्या इंग्रजी अटी काढते. हे सगळं बिलात आहेच. नोटेत कायले?"

"दोन्ही कागद एकसारखे दिसाले पायजेत, ताई. कंपनी एक आहे आपली."

"कंपनी एक आहे, पण वाचणारे दोन आहेत. बिल हिशेबनीस वाचतो, त्यात इंग्रजी वर ठेवते, मराठी खाली. नोट उतरवून घेणारी वाचते, तिच्यात मराठी वर."

त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. मी ते होकार समजून काम सुरू केले.

दोन गोष्टींवर मात्र खूप वेळ घालवला. एक म्हणजे लॉट नंबर, पोते बियाण्याच्या कोणत्या खेपेतले ते सांगणारा. आधी तोही देवनागरीत केला होता. मग गोदामात जाऊन पोत्याची चिठ्ठी बघितली, तिच्यावर लॉट नंबर इंग्रजी अक्षर-आकड्यांत. वाचता न आले तरी चित्र जुळवता येते, म्हणून लॉट नंबर चिठ्ठीवर आहे तसाच ठेवला, जाड ठशात, प्रत्येक लॉटला वेगळी ओळ. दुसरी गोष्ट म्हणजे रकाना. जुन्या नोटेत 'पाठवले' एवढेच होते. त्याच्या शेजारी 'मिळाले' असा रकाना काढला, रिकामा, पेनने लिहिता येईल इतका रुंद. सगळ्या मिळून अकरा ओळी, खाली सही, आणि एक पान.

गुरुवारी किसनसिंगच्या शेजारी मीही गाडीत बसले.

"तुम्ही कायले येऊन राह्यल्या, बाई? ऊन किती आहे!"

"कागद वाचला जातो का, ते बघाले."

"वाचून काय होते? माल तोच, रस्ता तोच."

तांड्यावर पोचलो तेव्हा बाया शेडखाली जमल्याच होत्या. त्यांची रीत मला ठाऊक नव्हती. माल उतरवताना रामीबाई मधोमध बसते, कागद मोठ्याने वाचते, आणि वाचलेले पोते समोर आल्याशिवाय पुढची ओळ वाचत नाही. इंग्रजी कागदाने ही रीतच बंद पडली होती, नुसती मोजणी उरली होती.

रामीबाईने कागद हातात घेतला. डोळ्यांपासून दूर धरला, जवळ आणला, परत दूर नेला.

"सो-या-बीन," तिने सुरुवात केली. "बियाने. लवकर येनारे." मग मान वर केली. "हे तं पोथीसारखं अक्षर आहे वं!"

बाया हसल्या. तिला सगळ्या याडी म्हणतात, म्हणजे आई. एक म्हणाली, "याडी, मंग आरती पन म्हन."

"आरती मंग म्हनतो. तू आधी पोत्याची चिठ्ठी दाखव."

ती एकेक ओळ वाचत गेली. दोन बाया पोत्याजवळ उभ्या, चिठ्ठीवरचा लॉट कागदाशी लावून बघत. लवकर येणारी चाळीस झाली. आता उशिरा येणारी वीस. चौदा पोती उतरली आणि पंधराव्याशी बाई थांबली.

"याडी, ह्याचं चित्र जुळत नाही."

रामीबाई उठून गेली. चिठ्ठी बघितली, कागद बघितला. मग उरलेली सहाही बघितली. सहाही लवकर येणाऱ्याचीच. सोयाबीनची एकूण पोती साठ, कागदावरही साठ. नुसती मोजली असती, तर हिशेब बरोबरच निघाला असता.

"पुष्पाबाई," ती माझ्याकडे वळली, "मांगच्या वर्षी असंच झालतं. आता समजलं का, मी काहून हट्ट धरला?"

"समजलं, बाई. आमच्या गोदामाची चूक आहे."

किसनसिंग कुरकुरला, "सहा पोत्यांसाठी पुन्हा चक्कर! राहू द्या ना आता."

"तुह्या वावरात राहू देशीन का?" रामीबाईने विचारले. त्याने ती सहा पोती गाडीत एका बाजूला सरकवली.

मी तिला 'मिळाले'चा रकाना दाखवला. तिने माझे पेन घेतले, 'चाळीस' लिहिले, खालच्या ओळीत 'चौदा', आणि शेजारी अडकत अडकत, 'सहा परत'. बाकीच्या ओळी वाचून, लावून संपवल्या. मग कागदाच्या तळाशी, सहीच्या जागेपाशी आली.

तेवढ्यात राजदीप सरांचा फोन आला. "सही झाली का नाही?"

"करून राह्यल्या, सर. पण सहा पोती परत येतात. आपल्याकडून दुसरी भरली गेली."



"कशावरून?"

"लॉटवरून. कागदावर त्यांनी लिहून दिलं आहे, अन् ते बरोबर आहे. मी चिठ्ठ्या बघितल्या."

"उद्या सकाळी गोदामातून सहा काढून ठेवतो," ते म्हणाले. मग पुढे, "डेपोचं तुम्हीच सांगून द्या त्यांना. दुकानदाराले मी नाही म्हनतो."

मी सांगितले. रामीबाईने मान हलवली, जशी काही ती गोष्ट आधीच ठरलेली होती. ती सहीतच गुंतली होती. चौकट मी सवयीने लहान ठेवली होती, ऑफिसातल्या माणसाची सही मावेल एवढी. तिने पहिले 'रा' काढले त्यानेच अर्धी चौकट भरली. पुढचे नाव चौकटीबाहेर निघाले, तारखेच्या जागेवरून गेले आणि कागदाच्या कडेपाशी संपले.

"बिघडला का वं कागद?" तिने विचारले.

"नाही," मी म्हटले. "मीच जागा कमी ठेवली."

परतताना वहीत लिहून घेतले: सहीची चौकट पूर्ण ओळभर, उंची पंचवीस मिलिमीटर, तारीख खाली. शुक्रवारी सकाळी अध्याय झाला की पहिले हेच करायचे.